आपले युरो गेले, त्यांचे डॉलर आले का? बँकेच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सगळे संचालक,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारची वार्षिक सभा तुम्हाला आठवतच असेल, विषय क्रमांक सात आला तेव्हा अर्धं सभागृह जेवणाच्या लायनीत होतं आणि उरलेलं अर्धं "मंजूर, मंजूर" ओरडत होतं. विषय होता परकीय चलन विभाग सुरू करायचा. मी उभा राहून विचारलं की यात बँकेची रिस्क किती, त्यावर अध्यक्षसाहेब हसून म्हणाले की "काका, रेट आपण त्याच मिनिटाला लॉक करतो, इकडनं घेतलं तिकडं विकलं, आपल्याला रिस्कच राहत नाही." टाळ्या पडल्या, माईक पुढं गेला. मी गप बसलो, कारण दीड मिनिटात सांगण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून हे पत्र लिहितोय, आणि सभासदांनीपण वाचावं म्हणून उघडं लिहितोय.

माझी ओळख एवढीच की सत्तावीस वर्षं मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत बॅक ऑफिसला काढली. डीलर नव्हतो हो, डीलर लोकांचा रुबाब वेगळा असतो. डीलर फोनवर सौदा करून चहाला गेला की मागं जे पैसे पाठवायचे आणि आलेले मोजायचे असतात ते आमचं काम. आता सोलापुरात दक्षिण कसब्यात राहतो, आणि आपल्या बँकेचा वडलांपासूनचा सभासद आहे.

विभाग सुरू करू नका असं मी म्हणत नाहीये. अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं टॉवेल बाहेर जातो, त्याचे युरो-डॉलर दुसऱ्या बँकांत वटतात आणि त्यातलं कमिशन आपल्याला मिळत नाही, हे अध्यक्षांचं म्हणणं बरोबरच आहे. माझं भांडण फक्त त्या "रिस्कच राहत नाही" शी आहे. रेट लॉक केल्यानं रेटची रिस्क जाते. पण सौदा ठरला त्या क्षणापासून पैसे खरंच हातात पडेपर्यंत जो वेळ जातो, त्यात एक दुसरीच रिस्क बसलेली असते आणि ती रेटपेक्षा शंभर पट मोठी असू शकते. शंभर पट हे मी बोलायचं म्हणून बोलत नाही, खाली हिशेब मांडतो.

आधी आपल्या गावच्या भाषेत. सुताचा व्यवहार तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी केलाय. ओळखीचा व्यापारी असला तर उधारी चालते, पण नवा माणूस असला की टेम्पो दारात येतो, बाचकी मोजून उतरतात आणि तिथल्या तिथं पैसे. बाचकी दिसतात, पैसे दिसतात, दोन्ही एकाच दारात. आता समजा बाचकी फ्रँकफर्टच्या गोडाऊनमधे उतरवायची आहेत, पैसे न्यूयॉर्कच्या काउंटरवर मिळणार आहेत, गोडाऊन सकाळी उघडतं आणि काउंटर त्यानंतर सहा तासांनी, आणि मधे कुणी माणूस नाही ज्याला दोन्ही एकदम दिसतंय. तुम्ही माल उतरवून मोकळे झालात आणि त्या सहा तासांत समोरच्याच्या दुकानाला सील लागलं तर? परकीय चलनाचा सौदा मुळात असा असतो. एकाच सौद्याचे दोन पाय, दोन देशांत, दोन वेळांना पडणारे.

हे खरंच झालेलं आहे, आणि ज्या बँकेच्या बाबतीत झालं तिचंच नाव या रिस्कला पडलं. जर्मनीत कलोन शहरात हेरस्टाट नावाची एक खाजगी बँक होती. फार मोठी नव्हती, पण चलनाच्या सट्ट्यात शिरलेली, डॉलरवर अंदाज लावून बसली आणि अंदाज उलटा पडला. २६ जून १९७४ ला जर्मन नियामकांनी तिचा परवाना काढला आणि दिवाळखोरीत घातली. पुढं हिशेब लागला तेव्हा तोटा सुमारे ४७ कोटी मार्क निघाला आणि बँकेचं भांडवल होतं ४.४ कोटी.

पण बँक बुडली ही यातली मोठी गोष्ट नाही, बँका बुडतात. मोठी गोष्ट म्हणजे ती किती वाजता बंद केली. जर्मनीतली बँकाबँकांतली देणी-घेणी दिवसभराची उरकल्यावर दुपारी साडेतीनला ऑर्डर निघाली. हे जर्मनीपुरतं अगदी समजूतदारपणाचं होतं, दिवसाचे व्यवहार अर्धवट लटकू नयेत म्हणून. फक्त त्या वेळी न्यूयॉर्कमधे सकाळचे साडेदहा वाजले होते. (आपल्याकडं रात्रीचे आठ.) त्या दिवशी ज्या ज्या बँकांनी हेरस्टाटला मार्क विकून डॉलर घेतले होते, त्यांनी मार्क जर्मनीत सकाळीच भरून टाकले होते, परत न घेता येण्यासारखे. त्याबदल्यात डॉलर न्यूयॉर्कमधे चेस मॅनहॅटन बँकेतल्या हेरस्टाटच्या खात्यातनं यायचे होते, आणि बातमी येताच त्या खात्यातनं बाहेर जाणारे पैसे थांबवले गेले. संपलं. मार्क गेले ते दिवाळखोरीच्या ढिगात आणि डॉलर आलेच नाहीत. लक्षात घ्या, या बँकांनी सट्टा केला नव्हता, त्यांचा रेट लॉक होता, सौदा दोन दिवस आधी ठरला होता, कागद चोख होते. त्यांची चूक एवढीच की त्यांचा पाय आधी पडला.

त्यानंतर न्यूयॉर्कमधे कुणी कुणाला आधी पैसे सोडेना. मी आधी का सोडू, तू सोड. पुढच्या तीन दिवसांत तिथल्या बँकांच्या आपसातल्या पेमेंट सिस्टीममधनं जाणारी रक्कम अंदाजे ६० टक्क्यांनी घसरली होती. एका मध्यम आकाराच्या जर्मन बँकेमुळं. त्याच वर्षाच्या अखेरीस दहा मोठ्या देशांच्या मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांनी एक समिती नेमली, तीच आजची बासल समिती, जिच्या नावानं आपला सीईओ दर मीटिंगला भांडवलाचं रडगाणं गातो.

आता आपल्याकडं येतो. तुम्ही म्हणाल की ते १९७४ चं, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. बघू.

समजा आपला विभाग सुरू झाला. सोमवारी आपल्या टॉवेलवाल्या ग्राहकांचे जर्मनीतनं येणारे मिळून १० लाख युरो आपल्याकडं जमले. ग्राहकांना रुपये हवेत. आपला डीलर काय करणार, युरो विकून डॉलर घेणार आणि डॉलर विकून रुपये घेणार. हे दोन वेगळे सौदे आहेत, आणि दोन्हींची तब्येत एकदम वेगळी आहे. कुठं घाबरायचं आणि कुठं नाही हे इथंच ठरतं, म्हणून जरा सावकाश वाचा.

डॉलर-रुपयाचा सौदा भारतातल्या दुसऱ्या बँकेशी होतो आणि तो क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियामधनं, म्हणजे सीसीआयएलमधनं सेटल होतो. २००२ पासून ही सोय आहे. तिथं सौदा झाल्यावर समोरची बँक बाजूला होते आणि सीसीआयएल स्वतः मधे उभी राहते, आपला देणेकरी पण तीच आणि घेणेकरी पण तीच. दिवसभराचे सगळे सौदे एकत्र करून निव्वळ काय ते देणं-घेणं उरतं, त्यासाठी आधीच मार्जिन घेतलेलं असतं, आणि एखादी बँक अडकली तर ते निस्तरायची व्यवस्था पण आहे. तिथं मला फारशी काळजी नाही. मुंबईत याआधी काय चालायचं ते मी बघितलंय, एकेका सौद्याचे वेगळे डॉलर आणि वेगळे रुपये, संध्याकाळी डोकं उठायचं.

पण युरो-डॉलरचा सौदा आपण बहुतेक परदेशी बँकेशी करणार, थेट. तिथं मधे कुणी नाही. इथंच हेरस्टाट बसलाय.

हिशेब सोपा राहावा म्हणून युरोचा भाव १.१० डॉलर धरा आणि डॉलर ९० रुपये. म्हणजे आपण १० लाख युरो देणार, ११ लाख डॉलर घेणार, रुपयांत ९ कोटी ९० लाख. सौदा सोमवारी झाला म्हणजे देवघेव बुधवारी, चलनाच्या बाजारात नेहमीची पद्धत दोन दिवसांची आहे. आता समजा सोमवारी सौदा झाला आणि मंगळवारी दुपारीच समोरची बँक बुडाली. आपण अजून युरो सोडलेले नाहीत. मग काय, आपण ते युरो दुसऱ्या कुणाला तरी विकू, भाव एक टक्का आपल्याविरुद्ध गेला असेल तर ९ लाख ९० हजारांचा फटका. दुखेल, पण चालतं. हीच बँक बुधवारी दुपारी बुडाली, आपले युरो गेल्यावर आणि डॉलर येण्याआधी, तर फटका ९ कोटी ९० लाखांचा. अख्खी मुद्दल. आणि मग आपण तिथल्या दिवाळखोरीच्या लायनीत उभे राहणार, सोलापूरहून, इतर सगळ्या घेणेकऱ्यांच्या मागं. काही मिळालं तर काही वर्षांनी. शंभर पट म्हणालो ते हे. मागच्या वर्षीचा आपला निव्वळ नफा अहवालात छापलाय, तो या आकड्याशेजारी ठेवून बघा.

आता खरा प्रश्न, हा धोका किती वेळ उघडा राहतो. सभेनंतर पार्किंगमधे एका संचालकांना मी विचारलं तर ते म्हणाले "काय दोन-चार तास". नाही हो साहेब. फ्रँकफर्टमधे सकाळी युरो जाणार आणि न्यूयॉर्कमधे दिवसभरात कधीतरी डॉलर येणार, हा घड्याळातला फरक झाला, तो दिसतो. न दिसणारा भाग त्याच्या दोन्ही टोकांना आहे.

पहिलं टोक. युरो बुधवारी जाणार असले तरी ते पाठवायचा निरोप आपण आधीच दिलेला असतो. ज्या परदेशी बँकेत आपलं युरोचं खातं असतं, ज्याला आम्ही नॉस्ट्रो म्हणतो, तिला स्विफ्टवर, म्हणजे बँकाबँकांतल्या निरोपांच्या जाळ्यावर, मेसेज जातो. जुनी माणसं अजून त्याला MT202 म्हणतात, आता नव्या फॉरमॅटमधे pacs.009. एकदा तो गेला की रद्द करायची एक शेवटची वेळ असते, तीसुद्धा त्या बँकेशी झालेल्या करारात. समजा आपल्या करारात ती आदल्या दिवशी आपल्या संध्याकाळी पाचची आहे. म्हणजे मंगळवारी पाच वाजून एक मिनिटाला, युरो अजून आपल्याच खात्यात दिसत असताना, ते आपले राहिलेले नाहीत. नंतर बातमी आली तरी फोन करून विनवण्या करायच्या, ऐकलं तर ऐकलं.

दुसरं टोक. डॉलर न्यूयॉर्कमधे बुधवारी संध्याकाळी पाचला आले असं धरा, आपल्याकडं तेव्हा गुरुवारचे पहाटेचे अडीच. आपला विभाग उघडणार दहाला, कोणीतरी स्टेटमेंट उतरवणार, सौद्यांशी जुळवणार, अकरा वाजले. तेव्हा कुठं आपल्याला खात्रीनं कळणार की डॉलर आले. मधल्या वेळेत आले होते की नव्हते हे आपल्याला माहीतच नाही, आणि माहीत नाही म्हणजे धोका संपला असं धरता येत नाही.

मंगळवार संध्याकाळ पाच ते गुरुवार सकाळ अकरा, बेचाळीस तास. दोन-चार नाही. आणि सौदा शुक्रवारच्या देवघेवीचा असला तर गुरुवारी पाचला तीर सुटला आणि कळणार सोमवारी अकराला, नव्वद तास. मधे आपली एखादी सुट्टी आली तर अजून.

आता याच्या पुढची गंमत बघा. सोमवारी केला तसाच १० लाख युरोचा सौदा मंगळवारीही त्याच बँकेशी झाला, देवघेव गुरुवारी. त्याची रद्द करायची वेळ बुधवारी पाचला संपली. म्हणजे बुधवारी संध्याकाळी पाचपासून गुरुवारी अकरापर्यंत दोन्ही सौदे एकाच वेळी उघडे, जवळजवळ वीस कोटी. तुम्ही सभेत जो मसुदा वाटला त्यात लिहिलंय "एका परदेशी बँकेबरोबर एका दिवसात १० कोटीपर्यंत". कागदावर आपण दोन्ही दिवस मर्यादेत, आणि प्रत्यक्षात दुप्पट. १९९६ मधे मध्यवर्ती बँकांच्या एका समितीनं मोठमोठ्या बँकांचं असं मोजमाप केलं होतं तेव्हा निघालं की एखाद्या बँकेचा खरा धोका तीन दिवसांच्या सौद्यांइतका किंवा त्याहून जास्त पण असू शकतो, आणि या तर जगातल्या मातब्बर बँका होत्या, त्यांचेही लोक तो एक दिवसाचाच धरून बसलेले होते. म्हणून माझं म्हणणं, मर्यादा "एका दिवसात" अशी लिहूच नका. रद्द करायची वेळ संपल्यापासून ते पैसे आल्याची खात्री होईपर्यंत जेवढं काही उघडं असेल ते सगळं मिळून मर्यादेत, असं लिहा. वाक्य लांब होईल, होऊ द्या.

तुम्हाला वाटेल की बँका काही रोज बुडत नाहीत. बरोबर. सत्तावीस वर्षांत माझ्या डोळ्यादेखत समोरची बँक बुडून पैसे गेले असं एकदाही झालं नाही. पण पैसे वेळेवर आले नाहीत असं कितीदा झालं विचारू नका, आणि दर वेळी पहिले काही तास तुम्हाला कळत नसतं की ही साधी चूक आहे की तो दिवस आहे. एक सांगतो. आम्ही डॉलरचं नॉस्ट्रो एका बँकेतनं दुसऱ्या बँकेत हलवलं होतं, सगळ्यांना पत्रं गेली होती की इथून पुढं पैसे नव्या खात्यात पाठवा. एका परदेशी बँकेच्या सिस्टीममधे आमचं जुनंच खातं राहिलं. आमचे येन गेले टोकियोत सकाळी, आणि त्यांचे डॉलर बसले जुन्या खात्यात, जिकडं आमचं कुणी बघतच नव्हतं. आता बघा काय झालं. आमच्याकडं एक पोरगा होता, कामाला चांगला, सकाळी त्याच्यापुढं येणाऱ्या पैशांची यादी असायची आणि तो एकेकाला बरोबरची खूण करत जायचा. त्यानं या सौद्याला पण खूण केली. का, तर यादीत होतं म्हणून! यादी होती "येणार आहेत" ची, आणि त्यानं ती "आले" म्हणून टिक केली. आम्हीच पाठवलेला MT210 त्यानं बघितला होता, म्हणजे आपल्या नॉस्ट्रो बँकेला आपण स्वतः कळवतो तो निरोप, "अमुक पैसे येतील, लक्ष ठेवा". पैसे जमा झाल्यावर ती बँक जो उलटा निरोप देते, MT910, तो आलाच नव्हता. तिसऱ्या दिवशी डॉलरचं खातं उणे झालं म्हणून तिकडनं फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. तीन दिवस ११ लाखापेक्षा कितीतरी जास्त डॉलर कुठं आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं आणि आमच्या रजिस्टरवर सगळं बरोबर. पैसे मिळाले, थोडं व्याज गेलं, पोराला ओरडा बसला. पण खरं सांगू, चूक त्याची नव्हती. दोन वेगळ्या गोष्टींसाठी एकच रकाना ठेवला होता आम्ही. तुमच्या नव्या सॉफ्टवेअरच्या डेमोला मी आलो होतो, त्या स्क्रीनवर पण मला एकच रकाना दिसला, Status म्हणून. त्या व्हेंडरला विचारा, येणे अपेक्षित आणि खात्यात जमा हे दोन वेगळे दिसणार का, आणि जमा असं कोण ठरवणार, माणूस की नॉस्ट्रो बँकेचा मेसेज.

आणि कॉम्प्युटरवर सगळं असण्याचं म्हणाल तर लेहमनचा दिवस आठवा. १५ सप्टेंबर २००८, सोमवार. लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या मोठ्या गुंतवणूक बँकेनं दिवाळखोरीचा अर्ज न्यूयॉर्कमधे मध्यरात्र उलटून गेल्यावर टाकला, आपल्याकडं सकाळचे अकरा वाजून गेले असतील. शनिवार-रविवार जगभर तीच बातमी होती, कुणाला माहीत नव्हतं असं नाही. आणि त्याच सोमवारी जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेनं लेहमनला तीस कोटींहून जास्त युरो पाठवून दिले, एका चलनाच्या स्वॅपचा, म्हणजे अदलाबदलीच्या सौद्याचा, स्वतःकडचा पाय म्हणून. डॉलर अर्थातच आले नाहीत. जर्मन पेपरांनी तिला देशातली सगळ्यात बावळट बँक ठरवलं, वरच्या लोकांना घरी बसवलं. पण विचार करा, पेमेंट आधीच सिस्टीममधे भरलेलं होतं, वेळ झाल्यावर ते गेलं. कॉम्प्युटरनं त्याचं काम चोख केलं. थांबवायचं काम माणसाचं होतं आणि ते कुणाचं हे ठरलेलं नव्हतं, किंवा ठरलं असेल तर त्या सकाळी त्यानं ते केलं नाही. आपल्याकडं रविवारी रात्री अशी बातमी आली तर सोमवारी सकाळी आठला कोण कुणाला फोन करून पेमेंट अडवणार? विभागप्रमुख हुतात्मा एक्सप्रेसमधे पुण्याला निघालाय आणि फोनला रेंज नाही, मग? त्याच्यानंतर कोण? मसुद्यात हे एका ओळीनंही नाही.

मग उपाय काय. जगातला मोठा उपाय २००२ साली निघाला, न्यूयॉर्कची सीएलएस बँक. ती दोन्ही बाजूंचे पैसे आधी स्वतःकडं घेते आणि दोन्ही आले तरच दोन्ही सोडते. टेम्पो आणि रोकड पुन्हा एकाच दारात आणल्यासारखं. एकानं नाही भरले तर दुसऱ्याचे त्याला परत मिळतात. अठरा चलनं आहेत त्यात, युरो, डॉलर, येन, पौंड वगैरे, आपला रुपया नाही. पण युरो-डॉलर आहे, म्हणजे आपल्या कामाचं आहे, फक्त आपल्यासारख्या लहान बँकेला थेट सभासद होणं झेपणार नाही, कुणातरी सभासदामार्फत जावं लागेल आणि त्याची फी असते. आणि एक मर्यादा लक्षात ठेवा, सीएलएस मुद्दल वाचवते, सौदा वाचवत नाही. युरो परत मिळाले तरी त्या दिवशी तुमच्या हातात डॉलर नसतात, आणि तेच डॉलर तुम्ही पुढं सीसीआयएलला द्यायचे कबूल केलेले असतात. मग धावाधाव करून दुसरीकडनं आणा, पडेल त्या भावानं. वरच्या हिशेबातला तो एक टक्केवाला फटका राहतोच.

सगळं जग त्यात गेलंय असंही नाही बरं का. मध्यवर्ती बँकांच्या बँकेनं, म्हणजे बीआयएसनं, २०२२ ला मोजलं तेव्हा रोजच्या साधारण २.२ लाख कोटी डॉलरच्या सौद्यांना अशी कुठलीच ढाल नव्हती. लोकांना फी वाचवायची असते, किंवा चलनच त्यात बसत नाही.

आपल्या आकाराला माझ्या मते सगळ्यात सोपा रस्ता वेगळाच आहे. ज्या परदेशी बँकेत आपलं युरोचं नॉस्ट्रो आहे तिच्याकडंच डॉलरचंही उघडा, आणि युरो-डॉलरचा सौदा शक्यतो तिच्याशीच करा. मग पैसे कुठं जायचेच नाहीत. ती तिच्याच वहीत आपल्या युरोच्या खात्यातनं वजा करते आणि डॉलरच्या खात्यात मिळवते, एकाच वेळी. करारात मात्र ते "एकाच वेळी" लिहून घ्या, नाहीतर ती पण सकाळी वजा आणि रात्री जमा करेल, सवयीनं. तोटा काय, तर रेट घासाघीस करून मिळणार नाही, दोन पैसे जास्त जातील, डीलर कुरकुरेल. आणि दुसरं, सगळी अंडी एकाच टोपलीत म्हणतात तसं होतं. तीच बँक बुडाली तर सेटलमेंटचा प्रश्नच नाही, खात्यातली शिल्लकच अडकते. म्हणून तिथं रात्री शिल्लक किती ठेवायची याला पण मर्यादा घाला, जास्तीचे डॉलर त्याच दिवशी रुपयांकडं वळवा.

दुसऱ्या परदेशी बँकांशी सौदे करायचेच असतील तर निदान एक करा, निव्वळ देण्याघेण्याचा करार. बुधवारी आपण त्यांना १० लाख युरो देणार आणि दुसऱ्या एखाद्या सौद्यात त्यांच्याकडनं ७ लाख युरो घेणार असलो तर दहा पाठवून सातची वाट बघत बसण्यात काय अर्थ आहे, तीनच पाठवा. डॉलरचंही तसंच. पण हे दोन डीलरनी फोनवर ठरवून चालत नाही, समोरचा बुडाल्यावर त्या देशाच्या कोर्टात ते टिकलं पाहिजे, नाहीतर दिवाळखोरी निस्तरायला नेमलेला रिसीव्हर म्हणणार की तुमचे दहा द्या आणि तुमच्या सातसाठी लायनीत उभे रहा. त्यासाठी वकिलाचा खर्च येतो. तो बजेटमधे टाका, उद्घाटनाच्या फ्लेक्समधनं वाचवा हवं तर.

एक गैरसमज अजून, सभेत मागनं कुणीतरी ओरडलं होतं की "पाच लाखाचा विमा आहे की". तो विमा तुमच्या आमच्या ठेवीला आहे, बँकेनं दुसऱ्या बँकेशी केलेल्या सौद्याला त्याचा काही संबंध नाही.

पंधरा दिवसांनी मसुदा मंजुरीला येतोय असं कळलं. माझी एवढीच मागणी आहे की त्याआधी कुठल्यातरी एका नॉस्ट्रो बँकेकडनं दोन गोष्टी लेखी मागवा. एक, युरोचं पेमेंट रद्द करायची शेवटची वेळ, भारतीय वेळेत. दोन, डॉलर जमा झाल्याचा मेसेज ते जमा झाल्या झाल्या पाठवणार की दिवसाच्या शेवटी स्टेटमेंटमधे. या दोन उत्तरांवरनं आपले बेचाळीस तास वीसवर येतात की साठवर जातात हे कळेल, आणि मर्यादेचा आकडा त्यानंतर टाका. या वेळांचा तक्ता कसा भरायचा ते विभागाच्या पोरांना मी बसून दाखवीन, मानधन नको, सकाळी दहानंतर कधीही बोलवा. फक्त गुरुवारी नको, गुरुवारी नातवाला क्लासला सोडायचं असतं.

आपला,
एक सभासद
दक्षिण कसबा, सोलापूर